रविवारच्या मराठी वर्गासाठी पालकांची प्रश्नावली: श्रेणीचे प्रश्न लिहिणे, लावणे आणि पारखणे

इंदूरमध्ये मराठी कुटुंबांच्या मुलांसाठी रविवारी सकाळी मराठी वाचन-लेखनाचे वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना वर्षातून एकदा तरी पालकांचे मत विचारावेसे वाटते. मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, घरी मराठी कमीअधिक बोलली जाते, आणि वर्षाच्या मध्यावर काही मुले येईनाशी होतात. मग कोणीतरी दहा-पंधरा विधाने लिहून काढतो, प्रत्येकासमोर ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच चौकटी आखतो, छायाप्रती काढून वाटतो, आणि परत आलेल्या कागदांवर जवळजवळ सगळ्यांनी ‘सहमत’वर खूण केलेली असते. त्या कागदांवरून वर्गात काहीही बदलता येत नाही, कारण प्रश्नच अशा रीतीने विचारलेले असतात की त्यांतून बदलण्याजोगे काही बाहेर येऊ नये.

या लेखात अशाच एका वर्गाचे उदाहरण धरून प्रश्नावली पायरीपायरीने तयार केली आहे. समजा, वर्गात 8 ते 14 वयोगटातली मुले आहेत, कुटुंबे साधारण पन्नास आहेत आणि प्रत्येक कुटुंबातल्या एका पालकाकडून उत्तर घ्यायचे आहे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला पदनिश्चयन श्रेणी म्हणतात, म्हणजे कमीपासून जास्तीपर्यंत क्रमाने लावलेल्या पर्यायांतून एक निवडणे, तेच आपले मुख्य साधन आहे. पुढे त्यासाठी मी नुसता ‘श्रेणी’ हा शब्द वापरला आहे.

आधी निर्णय लिहावा, मग प्रश्न

कोऱ्या कागदावर पहिल्यांदा प्रश्न लिहू नयेत. या पाहणीनंतर वर्गात कोणत्या गोष्टी खरोखर बदलता येतील, तेवढेच लिहावे. आपल्या उदाहरणातल्या कार्यकर्त्यांच्या हातात तीन गोष्टी आहेत: घरी वाचायला दिल्या जाणाऱ्या पाठांची काठिण्यपातळी, वर्गाची वेळ, आणि पालकांना घरी सराव घेण्यासाठी द्यायची मदत. वर्गाची जागा बदलता येणार नाही, कारण दुसरी जागा नाही. म्हणून जागेविषयी प्रश्न विचारायचा नाही. ज्याबद्दल काही करता येणार नाही त्याविषयी मत विचारले, तर पालक पुढच्या वर्षी त्याचा हिशेब मागतात आणि तो मागणे रास्तच असते.

यानंतर प्रत्येक निर्णयासाठी निकालाचा एक रिकामा तक्ता आखावा. ‘घरी दिलेला पाठ’ हा निर्णय असेल तर उभ्या रकान्यांत फार सोपा ते फार अवघड असे पाच पर्याय येतील, आणि आडव्या ओळींत लहान गट व मोठा गट. हा तक्ता भरला गेला तर आपण काय करू, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर तो प्रश्न कितीही चांगला वाटला तरी गाळावा. अशा रीतीने गाळत गेले की बहुधा बारा-चौदा प्रश्न उरतात, आणि ते एका कागदाच्या दोन बाजूंवर मावतात. पन्नास कुटुंबांच्या पाहणीला यापेक्षा जास्त लागत नाही.

विधानांना संमती मागणे सोडावे

सहमत-असहमत ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 साली मांडली. त्यांच्या पद्धतीत एकाच वृत्तीविषयीची अनेक विधाने असत आणि सर्व विधानांवरील गुणांची बेरीज करून त्या व्यक्तीची वृत्ती ठरवली जाई. एका विधानाचा अर्थ कोणी थोडा वेगळा घेतला, तर तो फरक बेरजेत बराचसा विरून जातो. लहान पाहणीत मात्र आपण एकेका विधानावरून एकेक निर्णय घेऊ पाहतो. तिथे बेरजेचा आधार नसतो, विधानातला प्रत्येक दोष निकालात जसाच्या तसा उतरतो, आणि नाव मात्र लिकर्टचे राहते.

त्यात समोरच्या विधानाला होकार देण्याकडे माणसांचा कल असतो, हे सर्वेक्षणाच्या अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. आपल्याकडे त्यात भिडेची भर पडते. जी ताई रविवारची सुट्टी सोडून आपल्या मुलाला विनामूल्य शिकवते, तिने दिलेल्या कागदावर ‘असहमत’ लिहिणे पालकांना उद्धटपणाचे वाटते. म्हणून माझे ठाम मत असे आहे की अशा पाहणीत विधान देऊन संमती मागूच नये. जे मोजायचे आहे त्याचाच प्रश्न करावा आणि त्या प्रश्नाच्या मापाचेच पर्याय द्यावेत.

कार्यकर्त्यांच्या पहिल्या मसुद्यात सहज येणारे एक विधान घेऊ:

‘वर्गातील अध्यापन दर्जेदार व मनोरंजक असते.’ (सहमत / असहमत)

यात तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ‘दर्जेदार’ आणि ‘मनोरंजक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला शिकवणे उत्तम पण कंटाळवाणे वाटते त्याने कुठे खूण करावी? ‘व’, ‘आणि’, ‘तसेच’ हे शब्द मसुद्यात शोधून त्यांखाली रेघ मारली की असे जोडप्रश्न लगेच सापडतात. दुसरी अडचण सहमतीची, ती वर आलीच आहे. तिसरी सर्वांत मोठी आहे आणि तीच सर्वांत कमी लक्षात येते: पालक वर्गात बसलेलेच नसतात. त्यांना अध्यापनाचा दर्जा माहीत नाही, म्हणून ते सौजन्याने उत्तर देतात. उत्तर देणाऱ्याने स्वतः पाहिले, ऐकले किंवा केले असेल तेच त्याला विचारावे. मुलाला वर्ग आवडतो की नाही याचा पालकांनी पाहिलेला पुरावा घरात, रविवारी सकाळी असतो. म्हणून प्रश्न असा होतो:

‘गेल्या चार रविवारांत, वर्गाची वेळ झाल्यावर पाल्याने “आज जायचे नाही” असे किती वेळा म्हटले?’
एकदाही नाही / एकदा / दोनदा / तीनदा / चारही वेळा

हा खरे तर मोजणीचा प्रश्न आहे आणि तोच इथे योग्य आहे. जे मोजता येते त्याला श्रेणी लावू नये. ‘नेहमी’, ‘बऱ्याचदा’, ‘कधीकधी’ या शब्दांचे माप प्रत्येकाच्या मनात वेगळे असते; ज्या घरात मूल रोज वाचायला बसते तिथे आठवड्यातून दोनदा म्हणजे ‘कधीकधी’, आणि ज्या घरात पुस्तक उघडलेच जात नाही तिथे तेच ‘बऱ्याचदा’. निश्चित काळ आणि निश्चित संख्या दिली की हा फरक मिटतो. काळ मात्र आठवणीच्या टप्प्यात असावा. चार रविवार आठवतात. ‘या वर्षभरात’ असे विचारले तर उत्तर आठवणीतून येत नाही, अंदाजातून येते.

श्रेणी लागते ती जिथे मोजणी पोहोचत नाही तिथे. पाठाची काठिण्यपातळी हे त्याचे चांगले उदाहरण आहे:

‘मागच्या रविवारी घरी वाचायला दिलेला पाठ पाल्याला वाचताना कसा गेला?’
फार सोपा / थोडा सोपा / ना सोपा ना अवघड / थोडा अवघड / फार अवघड

इथे ‘घरी दिलेले पाठ’ असे ढोबळ न म्हणता मागच्या रविवारचा एकच पाठ विचारला आहे. पालकांच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट पान येते आणि उत्तर त्या पानाविषयीचे मिळते.

नकारार्थी प्रश्नांविषयी थोडक्यात. ‘वर्गाची वेळ गैरसोयीची नाही’ अशा वाक्याला ‘नाही’ म्हणायचे म्हणजे नेमके काय, हे उलगडण्यात वाचणारा अडकतो. सगळीकडे एकाच बाजूला खुणा करत जाणाऱ्यांना पकडण्यासाठी काही विधाने मुद्दाम उलटी लिहावीत, असा सल्ला पुस्तकांत आढळतो. मोठ्या मापनसाधनांत त्याला जागा आहे, पण पन्नास कागदांच्या पाहणीत उलट्या वाक्याने जितकी बेफिकिरी पकडली जाते त्याहून जास्त गोंधळ निर्माण होतो. प्रत्येक प्रश्नाचे पर्याय वेगळे असले की न वाचता सरळ खुणा करत जाणे आपोआपच कमी होते.

श्रेणीची बांधणी

पाच पर्याय पुरेसे आहेत. सातपर्यंत जाता येते, परंतु सातही पायऱ्यांना एकमेकींपासून स्पष्ट वेगळे वाटणारे मराठी शब्द सापडत नाहीत. ‘बरेच’, ‘पुष्कळ’ आणि ‘खूप’ यांचा क्रम कोणता, यावर घरातली चार माणसेही एकमत होणार नाहीत. पाचही पायऱ्यांना शब्द द्यावेत, केवळ दोन टोकांना नव्हे.

श्रेणी दोन प्रकारची असते आणि मसुद्यात त्यांची सरमिसळ होते. सोपा-अवघड या श्रेणीला दोन विरुद्ध टोके आहेत आणि मधे तोल आहे. तिच्या दोन्ही बाजूंना सारखेच पर्याय हवेत. ‘अवघड’ बाजूला तीन आणि ‘सोपा’ बाजूला एकच पर्याय ठेवला, तर काही न बोलता आपण उत्तर सुचवलेले असते. उपयुक्ततेची श्रेणी मात्र शून्यापासून वर चढणारी आहे: अजिबात उपयोग झाला नाही, थोडा झाला, बऱ्यापैकी झाला, खूप झाला. अशा श्रेणीला मधले तटस्थ घर नसते, म्हणून तिथे चारच पर्याय ठेवले तरी चालते.

पर्यायांसमोर अंक छापू नयेत. अंक निरुपद्रवी वाटतात, पण वाचणारा त्यांतूनही अर्थ काढतो. नॉर्बर्ट श्वार्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘तुम्ही आयुष्यात किती यशस्वी झालात’ असा एकच प्रश्न दोन प्रकारे विचारला. टोकांचे शब्द तेच होते. एका कागदावर 0 ते 10 असे अंक होते, दुसऱ्यावर उणे 5 ते अधिक 5. पहिल्या कागदावर 34 टक्के लोकांनी खालच्या निम्म्या भागात, म्हणजे 0 ते 5 या घरांत खूण केली; दुसऱ्यावर तितक्याच खालच्या भागात फक्त 13 टक्के लोकांनी. उणे चिन्ह पाहून ‘यश नसणे’ याचा अर्थ लोकांनी ‘अपयश’ असा घेतला होता. गणनेसाठी अंक लागतील ते नोंदवहीत आपण द्यावेत, पालकांच्या कागदावर नकोत.

‘सांगता येत नाही’ हा पर्याय हवा, पण तो श्रेणीच्या मध्यात नको. ‘ना सोपा ना अवघड’ हे मत आहे. ‘मी पाहिले नाही’ हे मत नाही. दोन्ही एकाच घरात गेली की मधला आकडा फुगतो आणि त्याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. म्हणून पाच पर्यायांनंतर थोडी जागा सोडून, बारीक रेघेखाली ‘पाल्याने तो पाठ घरी वाचला नाही / मी पाहिले नाही’ असा वेगळा पर्याय द्यावा. या घरातल्या खुणाही मोजाव्यात, कारण पाठ घरी उघडलाच जात नाही ही माहिती काठिण्यपातळीपेक्षा महत्त्वाची ठरू शकते.

पर्याय एकाखाली एक लावावेत. कागदावर आडवा तक्ता नीटनेटका दिसतो, परंतु तोच मोबाइलवरच्या अर्जात गेला की शेवटचा रकाना पडद्याबाहेर राहतो आणि ‘फार अवघड’ हे घर काहींना दिसतच नाही. काही कुटुंबे कागदावर आणि काही मोबाइलवर भरणार असतील, तर दोन्हीकडे मांडणी सारखीच असली पाहिजे. डोळ्यांनी वाचणारा वरच्या पर्यायांकडे झुकतो आणि कानाने ऐकणारा शेवटच्या, असे सर्वसाधारणपणे आढळते. म्हणून एखाद्या आजोबांना कार्यकर्त्याने प्रश्न वाचून दाखवले असतील तर त्या कागदाच्या कोपऱ्यात तशी खूण करून ठेवावी.

क्रम

पहिला प्रश्न असा असावा की प्रत्येकाला त्याचे उत्तर माहीत असेल, ते द्यायला संकोच वाटणार नाही आणि तो विषयाशी थेट जोडलेला असेल. वर दिलेला ‘आज जायचे नाही’चा प्रश्न या जागी चांगला बसतो. नाव, वय, व्यवसाय यांनी सुरुवात केली की तो सरकारी अर्ज वाटू लागतो. ती माहिती हवीच असेल तर शेवटी घ्यावी.

क्रमाचा खरा परिणाम एका प्रश्नाने पुढच्या प्रश्नावर टाकलेल्या सावलीत दिसतो. ‘एकूण विचार करता तुम्ही वर्गाबद्दल किती समाधानी आहात’ हा प्रश्न वेळेविषयीच्या तीन प्रश्नांनंतर ठेवला, तर नुकताच मनात घोळलेला वेळेचा त्रासच ‘एकूण’ म्हणून उतरतो. एकूण समाधान आधी विचारावे, मग वेळ, पाठ, सराव असे तपशील. याच्या उलट क्रमही चालतो, पण मग ‘आत्तापर्यंत विचारलेल्या सगळ्या गोष्टी धरून’ असे स्पष्ट लिहावे लागते. कोणताही एक क्रम ठरवावा आणि पुढच्या वर्षीही तोच ठेवावा.

आपल्या उदाहरणातला सर्वांत नाजूक प्रश्न घरातल्या भाषेचा आहे. इंदूरमध्ये तीन-चार पिढ्या राहिलेल्या अनेक मराठी घरांत आजी नातवाशी मराठीत बोलते, आई-वडील हिंदीत उत्तर देतात, आणि याची आई-वडिलांच्या मनात कुठेतरी टोचणी असते. हा प्रश्न सुरुवातीला आला तर पालक मनातल्या मनात स्वतःला दोषी ठरवून पुढे जातात आणि वर्गाविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला नरमाईने उत्तर देतात. ‘आमचेच चुकते, वर्ग काय करणार’ असा तो सूर असतो. म्हणून वर्गाविषयीचे सगळे प्रश्न संपल्यावरच तो विचारावा, आणि सवयीविषयी न विचारता एका दिवसाविषयी विचारावा:

‘गेल्या शुक्रवारी संध्याकाळी घरी तुमचे पाल्याशी बोलणे कोणत्या भाषेत झाले?’
जवळजवळ सगळे मराठीत / बरेचसे मराठीत / साधारण अर्धे मराठीत / थोडेसे मराठीत / मराठीत नाही

‘काल’ असे विचारणे अधिक सोपे झाले असते, परंतु कागद रविवारी वाटला जाणार असल्याने ‘काल’ म्हणजे शनिवार येतो. त्या दिवशी काही घरी सुट्टी असते, काही घरी पाहुणे असतात. म्हणून शाळेचा एक साधा दिवस नेमला आहे. त्या संध्याकाळी पालक आणि पाल्य एकत्र नसतील, तर त्यासाठीही रेघेखाली वेगळे घर हवे.

शेवटी एकच मोकळा प्रश्न, दोन-तीन ओळींच्या जागेसह, ठेवावा. त्यानंतर माहितीचे प्रश्न अगदी मोजके. पन्नास कुटुंबांत मुलाचे वय, इयत्ता आणि वस्ती विचारली की नाव न लिहिताही कागद कोणाचा हे ओळखू येते, आणि हे पालकांनाही कळते. आपल्याला निर्णयासाठी फक्त लहान गट की मोठा गट एवढेच लागते, तेवढेच विचारावे. कागद शिकवणाऱ्या ताईच्या हातात न देता दाराशी ठेवलेल्या बंद पेटीत टाकायला सांगावे. आणि कागदाच्या माथ्यावर, तो कोणी भरायचा, हे लिहावे. रविवारी मुलाला सोडायला बाबा येतात, घ्यायला आजोबा येतात, आणि घरी वाचायला आई बसवते. ‘पाल्याच्या वाचनाकडे घरी जे सर्वाधिक लक्ष देतात त्यांनी भरावे’ असे एक वाक्य नसेल तर कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले ते कळणार नाही.

पूर्वचाचणी, पहिली फेरी: माणसांसोबत बसून

पूर्वचाचणी म्हणजे थोड्या कागदांवर आधी भरून घेणे, एवढाच अर्थ अनेक जण घेतात. परंतु भरलेल्या कागदावर खूण दिसते; ती खूण करताना माणसाने प्रश्नाचा काय अर्थ घेतला ते दिसत नाही. म्हणून पहिली फेरी पाच-सहा पालकांसोबत, एका वेळी एक, समोर बसून करावी. ही माणसे वर्गातल्या पन्नास कुटुंबांतली नसावीत, कारण एकदा प्रश्न समजावून घेतलेला पालक मूळ पाहणीत ताजा राहत नाही. ज्यांची मुले गेल्या वर्षी वर्गातून बाहेर पडली, असे पालक यासाठी उत्तम. निवडताना मुद्दाम वेगवेगळे निवडावेत: एक आजी, मराठी सफाईने वाचणारे एक, शिक्षण सगळे हिंदीत झालेले दोन, आणि लग्नामुळे मराठी घरात आलेली, मूळची हिंदी भाषक असलेली एखादी आई.

त्यांना प्रश्न मोठ्याने वाचायला सांगावा आणि उत्तर ठरवताना मनात जे येईल ते बोलत राहायला सांगावे. आपण काहीही समजावून सांगायचे नाही; ‘म्हणजे काय?’ असे विचारले तर ‘तुम्हाला काय वाटते?’ एवढेच म्हणायचे आणि तो प्रश्न अडला अशी नोंद करायची. उत्तर झाल्यावर दोन-तीन ठरावीक गोष्टी विचाराव्यात. त्या साधारण अशा चालतात:

‘काकू, “घरी वाचायला दिलेला पाठ” म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?’

‘ते छापील पुस्तक. शाळेत असतं तसं.’

‘आणि ताई वहीत चिकटवून देतात तो कागद?’

‘तो पाठ कुठे आहे? ती तर गोष्ट आहे. ती तो रात्री माझ्याजवळ बसून वाचतो, ती छान वाचतो.’

इथे प्रश्न कुठे मोडतो ते लख्ख दिसते. वर्गात पाठ्यपुस्तक वापरलेच जात नाही. शिकवणारी ताई ज्याला पाठ म्हणते त्याला घरात ‘गोष्टीचा कागद’ म्हणतात. प्रश्न आहे तसाच छापला असता तर या काकूंनी मनातल्या कुठल्यातरी पुस्तकाविषयी उत्तर दिले असते आणि ते नीटनेटके, पण वेगळ्याच वस्तूविषयीचे असते. सुधारलेला प्रश्न ‘मागच्या रविवारी वहीत चिकटवून दिलेली गोष्ट पाल्याला वाचताना कशी गेली?’ असा होतो, आणि पर्यायही मग ‘फार सोपी’, ‘थोडी सोपी’ असे बदलावे लागतात.

इंदूरसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी लागते. इथल्या पालकांना देवनागरी वाचायला काहीच अडचण नाही, त्यामुळे ते अडखळत नाहीत. पण काही शब्द हिंदीतल्या अर्थाने वाचले जातात. श्रेणीत ‘बहुधा’ लिहिले तर हिंदीत वाढलेला वाचक ते ‘अनेकदा’ असे घेतो, आणि ‘घरी अभ्यास किती वेळ होतो’ याचा अर्थ ‘सराव किती वेळ होतो’ असा घेतो. दोन्ही वेळा वाचणारा थांबत नाही, शंका विचारत नाही, म्हणून नुसते वाचताना पाहून हा दोष सापडत नाही. ‘हे तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हटल्यावरच सापडतो. असे शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाने चालणाऱ्या शब्दांनी बदलावेत.

बसल्या बसल्या आणखी काही खुणा टिपाव्यात: वाक्य दुसऱ्यांदा वाचणे, खूण करून खोडणे, दोन घरांच्या मधल्या जागेत खूण करणे, समासात काही लिहिणे. दोघा जणांना एकाच जागी अडखळायला झाले तर तो प्रश्न बदलायचाच. बदललेले प्रश्न मात्र त्याच माणसांना पुन्हा दाखवू नयेत. दोन-तीन नवीन पालकांसोबत बसावे, कारण दुरुस्तीतूनही नवा दोष शिरतो.

दुसरी फेरी आणि आकड्यांची मर्यादा

यानंतर दहा-बारा जणांकडून कोणाच्याही मदतीशिवाय कागद भरून घ्यावेत. वेळ लावून पाहावी. दहा मिनिटांहून जास्त लागत असेल तर दोन प्रश्न कमी करावेत. मग प्रत्येक प्रश्नाच्या पर्यायांपुढे खुणा किती पडल्या, ते हातानेच मोजावे. एखाद्या प्रश्नाच्या सगळ्या खुणा एकाच घरात असतील तर तो प्रश्न माणसामाणसांत फरक करत नाही. वेळेच्या सोयीबद्दल सगळ्यांनी ‘सोयीची’ लिहिले, तर कदाचित वेळ खरोखरच सोयीची असेल. पण ज्यांची मुले वर्ग सोडून गेली त्यांनीही तसेच लिहिले असेल, तर प्रश्न भिडेत अडकला आहे असे समजून ‘वर्ग नऊऐवजी दहाला सुरू झाला तर तुम्हाला किती सोपे किंवा अवघड जाईल?’ असा दुसऱ्या बाजूने विचारावा. कोऱ्या सोडलेल्या आणि रेघेखालच्या घरात गेलेल्या खुणाही याच वेळी पाहाव्यात.

एवढ्या कागदांवर विश्वसनीयतेचे गुणांक काढत बसू नये. 1951 साली ली क्रॉनबाख यांनी मांडलेला अल्फा हा गुणांक अनेक प्रश्नांची बेरीज करून एकच गोष्ट मोजली जात असेल तेव्हा उपयोगी असतो. आपले प्रश्न वेगवेगळ्या निर्णयांसाठी आहेत, त्यांची बेरीजच होणार नाही, आणि दहा-बारा कागदांवरचा कोणताही गुणांक एका माणसाच्या उत्तराने इकडचा तिकडे होतो.

मूळ पाहणीचे कागद आल्यावरही सरासरीकडे सावधपणे पाहावे. समजा 48 कागद आले आणि गोष्टीच्या काठिण्याविषयी 18 जणांनी ‘फार सोपी’, 3 जणांनी ‘थोडी सोपी’, 6 जणांनी मधले घर, 3 जणांनी ‘थोडी अवघड’ आणि 18 जणांनी ‘फार अवघड’ लिहिले. एक ते पाच गुण देऊन सरासरी काढली तर ती बरोबर 3 येते, म्हणजे ‘ना सोपी ना अवघड’, आणि कार्यकर्ते समाधानाने तीच गोष्ट सगळ्यांना देत राहतात. प्रत्यक्षात 48 पैकी 36 मुलांना ती गोष्ट कोणत्या ना कोणत्या टोकाने निरुपयोगी आहे. म्हणून आधी पाचही घरांचे आकडे मांडावेत, मग सुरुवातीला आखलेल्या रिकाम्या तक्त्यात लहान गट आणि मोठा गट वेगळे भरावेत. ‘फार अवघड’ म्हणणारे बहुतेक लहान गटातले निघाले तर दोन वेगळ्या गोष्टी द्याव्या लागतील. ते दोन्ही गटांत सारखेच विखुरलेले असतील तर वयाचा इथे संबंध नाही. मग शुक्रवारच्या भाषेच्या उत्तरांशी ते ताडून पाहावेत. 48 कागदांत एक माणूस म्हणजे दोन टक्के, त्यामुळे अहवालात टक्केवारीसोबत संख्या लिहावी आणि तीन-चार माणसांच्या फरकावरून गट तोडू नयेत.

जे दोन कागद परत आले नाहीत त्यांची वेगळी नोंद ठेवावी. दोन असतील तर फारसा फरक पडत नाही. पंधरा असतील तर चित्र बदलू शकते, कारण नाराज पालक कागद भरून भांडत नाहीत, ते नुसते येणे थांबवतात. अशा घरी वर्गाशी संबंध नसलेल्या एखाद्या परिचिताने फोन करून फक्त दोन प्रश्न विचारावेत, पहिला आणि गोष्टीच्या काठिण्याचा, शब्द कागदावरचेच ठेवून. ही उत्तरे मूळ आकड्यांत मिसळू नयेत, शेजारी वेगळ्या रकान्यात लिहावीत. अंतिम प्रश्नावलीची एक कोरी प्रत, तिच्यावर महिना आणि वर्ष घालून, मोजणीच्या कागदांसोबत ठेवून द्यावी. पुढच्या वर्षी पर्यायातला एक शब्द जरी बदलला, तरी त्या प्रश्नाची या वर्षाशी तुलना करता येणार नाही, आणि तो बदल नेमका कुठे झाला हे त्या प्रतीवरूनच कळेल.